शनिवारच्या तारखेआधीचा गुरुवार

लातूरला मी सून म्हणून आले तेव्हा भूकंपाला सहा-सात वर्षं झाली होती. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं तरीही थंडी असो की उकाडा, अंगणातच बाज टाकून झोपायची. छताखाली डोळा लागत नाही म्हणायची. त्याच गल्लीत दर दोन घरांआड वरचा मजला चढत होता, कारण शहरात क्लासेस वाढत होते आणि खोल्यांना मागणी होती. जूनमध्ये परभणी, बीड, नांदेडकडची पोरं-पोरी ट्रंका, गाद्या आणि सायकली घेऊन उतरायची. सकाळी सहाला सायकलींच्या घंट्यांनी जाग यायची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या दिवशी सगळी गल्ली घागरी, पिंपं, पातेली मांडून उभी राहायची. आज तिथे गेलं की हे काही ओळखू येत नाही. मला मात्र तेच लातूर आठवतं.

मी मूळची नांदेडची, विष्णुपुरीच्या बाजूची. वडील धरणावर कारकून होते. केमिस्ट्रीत एमएस्सी झाले, लग्न झालं आणि लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवायला लागले. नवरा कृषी खात्यात, नेमणूक हदगावला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. सासरे नव्हते. घरात आठवडाभर आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. गल्लीत सगळे नर्सबाई म्हणायचे.

औसा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. बाळंतपणं, लसी, घरोघरच्या भेटी, सगळं पायी. उंच, सडसडीत, पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. बोलणं तोडून टाकल्यासारखं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एक पाऱ्याचं बीपीचं मशीन विकत घेतलं होतं. ते लोखंडी डब्यातलं मशीन त्या कपाटात साड्यांच्या वर ठेवायच्या. संध्याकाळी गल्लीतल्या एक-दोन बायका तरी ‘जरा बघा हो’ म्हणत येऊन बसायच्या. आत्याबाई त्यांना चहा प्यायच्या आधी बघायच्या, चहानंतर नाही. ‘चहा प्यालीस की आकडा खोटा येतो,’ म्हणायच्या.

मला दिवस गेले तेव्हा माझंही बघणं सुरू झालं. सुरुवातीला मला ते आवडायचं. आठवा महिना लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एकदा डॉक्टर मॅडमकडे तपासणीला गेलो आणि त्यांनी दोनदा पट्टा बांधून बघितलं. एकशे चव्वेचाळीस, खालचं ब्याण्णव. लघवीत प्रोटीन अगदी किंचित. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि विचारलं की घरी बीपी बघायला कोणी आहे का. आत्याबाईंनी पिशवीतून आपलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी दोन्ही मशीन माझ्या हाताला लावून पाहिली. दोन आकड्यांचा फरक आला. तेव्हा त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरात लिहून दिलं. वरचं एकशे चाळीस किंवा खालचं नव्वदच्या पुढे राहत असेल तर फोन करून कळवायचं. वरचं एकशे साठ किंवा खालचं एकशे दहा झालं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघून तेवढंच राहिलं, तर तारखेची वाट न बघता सरळ यायचं. आणि आकडा कितीही असला तरी डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली पोटात दुखणं, धाप लागणं, बाळ कमी हलणं, यातलं काही झालं तरी सरळ यायचं.

तो कागद आत्याबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला.

तेव्हापासून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आधी लघवीला जाऊन यायचं. मग पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोललं की त्या पुन्हा पाच मिनिटं मोजायच्या. आकडा आला की शाळेच्या वहीत लिहायचा. एकशे शेहेचाळीस, चौऱ्याण्णव. एकशे पन्नास, शहाण्णव. आत्याबाई ते फोनवर मॅडमना कळवायच्या. मी ते आकडे बघायचे आणि वही मिटायचे. मला काहीच होत नव्हतं. पायांना सूज होती, पण ती तर सगळ्यांनाच येते, असं मी स्वतःला सांगत होते.

माझं मन दुसरीकडेच होतं. जानेवारी संपत आला होता, बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि पोर्शनची दोन प्रकरणं राहिली होती. मॅडमनी विश्रांती सांगितली होती. मी क्लासवाल्या सरांकडून एक खुर्ची मागून घेतली होती आणि बसून शिकवत होते. त्याला मी विश्रांती म्हणत होते. दुसरं असं की पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी मॅडमकडे तारीख होती. त्यांनी हो म्हटलं की दुपारी नवरा रजा काढून मला नांदेडला पोचवणार होता. माझ्या आईने खोली रंगवून घेतली होती.

आणि माझ्या मनात एक गोष्ट बसली होती, जी आज लिहिताना लाज वाटते. मला वाटायचं की आत्याबाईंना मला माहेरी जाऊ द्यायचं नाही. नातवंड आपल्या हातात जन्मावं म्हणून त्या रोज हा पट्टा बांधतात. नांदेडला फोन केला की आईही तेच म्हणायची, की तिथे ठेवून घेण्याची ही बहाणेबाजी आहे.

त्या आठवड्याच्या सोमवारी मी क्लासमधून घाईने आले. शेवटचा तास लांबला होता, ऑटो मिळाला नव्हता आणि मी चालत आले होते. आल्या आल्या मीच म्हटलं, बघून टाका. पारा एकशे छप्पन्नला थांबला, खालचं शंभर. मीच घाबरले. कागदावरचा एकशे साठ डोळ्यांपुढे आला आणि मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. त्यांनी पट्टा सोडला, मला डाव्या कुशीवर निजवलं आणि कणीक मळायला गेल्या. वीस मिनिटांनी मला पुन्हा बसवून बघितलं तर एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.

‘चालत आलीस, उन्हात आलीस, तो आकडा तुझ्या चालण्याचा,’ त्या म्हणाल्या. ‘हा आकडा तुझा. हाही चांगला न्हाई, पण पळायचा न्हाई.’

त्यांनी मॅडमना फोन केला. मॅडमनी गोळ्या वाढवल्या आणि शनिवारची तारीख तशीच ठेवली. मला बरं वाटलं. म्हणजे आत्याबाई उगाच पळवत नाहीत, असं एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, बघ, काही नव्हतंच.

मंगळवारपासून मला पोटात वरच्या बाजूला, उजवीकडे बरगडीखाली, दाबल्यासारखं व्हायला लागलं. दुखणं म्हणावं असं नाही. मी समजले पित्त आहे. आदल्या दिवशी वर्गातल्या एका मुलीच्या डब्यातली मिरचीची भाजी खाल्ली होती. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून चघळली आणि कोणाला बोलले नाही. कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. मी रोज त्या दारातून दहा वेळा जात होते. पण शनिवार जवळ होता आणि मला तोपर्यंत फक्त नीट दिसायचं होतं.

गुरुवारी सकाळी सातला मी आंघोळ करून साडी नेसून तयार होते. आठची बॅच होती. खुर्चीत बसले. आत्याबाईंनी पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, पारा चढवला आणि सोडला. त्या नेहमी आकडा मोठ्याने सांगायच्या. त्या दिवशी सांगितला नाही. पट्टा सोडून म्हणाल्या, पाच मिनिटं बस. पाच कुठली, घड्याळात पंधरा मिनिटं झाली. मी सारखी घड्याळाकडे बघत होते.

दुसऱ्यांदा बघितलं आणि मग दोन्ही आकडे सांगितले. पहिल्यांदा एकशे बासष्ट, एकशे दहा. आता एकशे चौसष्ट, एकशे बारा.

मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्यांनी वाद घातला नाही. पारा शून्यावर आहे हे मला दाखवलं. मग पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला, एका हाताने फुगा दाबत मला स्टेथोस्कोप दिला आणि म्हणाल्या, ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे बंद पडतो ते तूच ऐक. एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर. मशीन बरोबर होतं.

‘डोकं दुखायलंय?’

‘नाही.’

‘डोळ्यांपुढं काही?’

‘नाही.’

त्यांनी आपला हात माझ्या बरगडीखाली ठेवला, बरोबर तिथेच. ‘इथं?’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्या उठल्या आणि मॅडमच्या घरी फोन लावला. मी ऐकत होते. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. किती आठवडे, दोन वेळचे आकडे, मध्ये किती मिनिटं गेली, गोळी किती वाजता घेतली, एवढंच सांगितलं. ऐकून ‘हाव’ म्हणाल्या आणि ठेवला. मला म्हणाल्या, निघायचंय, काही खाऊ नको, पाणीसुद्धा पिऊ नको.

मग मी बोलले. मला काही होत नाही, मी चांगली आहे. परवा शनिवारी जायचंच आहे, दोन दिवसांनी काय फरक पडतो. पोरांची परीक्षा आहे. निदान आठची बॅच घेऊन येते, दहाला जाऊ. शेवटी हेही म्हटलं, की मला माहेरी पाठवायचं नाही ना, मग तसं सरळ सांगा.

त्या साडीच्या घड्या पिशवीत घालत होत्या. हात थांबला नाही.

‘पोरी, तुला काही होत न्हाई म्हणूनच तर मशीन लावायलेय रोज. तुला कळलं असतं तर मशीन कशाला लागलं असतं? तुझी आई खोली रंगवून बसलीय, मला माहीत हाय. जाशील तिथं. पण आज दहाला न्हाई, शनिवारी न्हाई. आत्ता.’

शेजारच्या काकू ऑटो बोलवायला कोपऱ्यावर गेल्या. तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या हातात एक काचेची नळी दिली आणि न्हाणीत पाठवलं. त्यांच्याकडे नोकरीच्या दिवसांतला स्पिरिटचा दिवा होता. नळीचा वरचा भाग त्यांनी ज्योतीवर धरला. खालची लघवी स्वच्छ राहिली आणि वरची दह्यासारखी पांढरी होत गेली. त्यांनी त्यात ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकले. नुसते क्षार असते तर विरघळले असते; पांढरं तसंच राहिलं.

त्या मला काही समजावून सांगत बसल्या नाहीत. मला सांगायची गरजच नव्हती. उष्णतेने प्रथिनं गोठतात हे मी पंधरा दिवसांपूर्वी नव्वद मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं, अंड्याचं उदाहरण देऊन. आता ते माझ्या समोर नळीत होतं आणि माझ्याच अंगातून बाहेर आलेलं होतं. मी साडीवर शाल घेतली आणि दारात जाऊन उभी राहिले.

‘जायचं तर होतंच,’ दिवा विझवत त्या म्हणाल्या. ‘हे फकस्त तुला दिसावं म्हणून.’

आम्ही ऑटोत बसलो. सकाळच्या बॅचची पोरं सायकलींवरून उलट्या दिशेने येत होती. दोघी-तिघींनी मला बघून हात केला. ऑटोवाला खड्डे चुकवत हळू चालला होता, कारण आत्याबाईंनी त्याला तसं बजावलं होतं. त्यांनी एका हाताने पिशवी धरली होती आणि दुसऱ्याने माझं मनगट. मला वाटलं आधाराला धरलंय. नंतर लक्षात आलं, त्या नाडी मोजत होत्या.

मॅडम आमच्या आधी दवाखान्यात पोचल्या होत्या. त्यांनी बघितलं तेव्हा एकशे सत्तर आणि एकशे बारा झालं होतं. त्यांनी कॉटवर निजवून पोटावर हात ठेवला आणि विचारलं, इथे दुखतं का, किती दिवसांपासून. आत्याबाई पायाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, मंगळवारपासून.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्या चपला उचलून कॉटखाली नीट लावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे तास मला तुकड्यांत आठवतात. शिरेतून एक इंजेक्शन हळूहळू दिलं, मग दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. सगळं अंग आतून तापल्यासारखं झालं, तोंड कोरडं पडलं. ते झटके येऊ नयेत म्हणून होतं, मॅडमनी सांगितलं. बीपी उतरवायची गोळी वेगळी दिली, आणि एकदम नको, हळूहळू उतरू दे, असं त्या नर्सला सांगत होत्या. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन गुडघ्याखाली छोटा हातोडा मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचं, नळीतून किती लघवी झाली ते लिहायचं. रक्ताचा रिपोर्ट दुपारच्या आधी आला. लिव्हरवर परिणाम दिसत होता आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी व्हायला लागल्या होत्या. मॅडम माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की या आजाराला खरा उपाय एकच, बाळ बाहेर काढणं. पस्तीस आठवडे झालेत, बाळ लहान असेल पण निभावेल. आता थांबलं तर दोघांनाही धोका. मी विचारलं, शनिवारी आले असते तर? त्यांनी सलाइनचा वेग बघितला आणि सही घ्यायला कागद मागवला.

नवऱ्याला हदगावच्या ऑफिसात फोन गेला होता, पण त्याची एसटी दुपारी चारला पोचली. सिझेरियन त्याआधीच झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. तिला लगेच लहान मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. मला ती तिसऱ्या दिवशी दिसली. मुठी मिटलेल्या आणि कपाळावर म्हाताऱ्या बाईसारख्या आठ्या.

बाळ झालं की बीपी उतरेल असं मला वाटलं होतं. ते उतरलं नाही. दोन-तीन दिवस पुन्हा चढलं. आत्याबाईंना ते अपेक्षित होतं. त्या दवाखान्यातच मुक्कामाला होत्या आणि नर्सने बघितलं तरी मागून आपलं मशीन लावायच्या. माझी आई नांदेडहून आली होती. पहिल्या दिवशी ती आत्याबाईंशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बाजूला घेऊन काय झालं होतं ते सांगितलं. संध्याकाळी मी डोळे उघडले तर दोघी खिडकीशी एकाच ताटात भाकरी खात होत्या. आई ताटातला ठेचा त्यांच्याकडे सरकवत होती. मी पुन्हा डोळे मिटून घेतले, त्यांना कळू नये म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी आई बाळाकडे गेली होती. आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, आत्याबाई, पोटाचं मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, माहीत हाय. मग त्यांनी मला भूकंपानंतरची एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आपल्या मुलालाही सांगितलेली नव्हती.

तेव्हा त्यांची ड्यूटी टिनशेडच्या वस्तीत होती. गावं पडलेली, माणसं पत्र्याच्या खोल्यांत आलेली. तिथे एक आठव्या महिन्यातली बाई होती. घरातली तीन माणसं गेली होती. आत्याबाईंनी तिचं बीपी बघितलं तर बरंच वाढलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तेवढंच. डोकं दुखतं का विचारलं तर ती म्हणाली, इथं कोणाचं दुखत न्हाई बाई? डॉक्टरांची गाडी चार दिवसांनी येणार होती. आत्याबाईंनी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, खाली लाल रेघ मारली आणि तिला सांगितलं, गाडी आली की तुलाच पहिली दाखवते. दोन दिवसांनी तिला झटके आले. मदतीचं सामान घेऊन आलेल्या ट्रकमध्ये घालून त्यांनी तिला लातूरला आणलं. बाई वाचली. बाळ गेलं.

‘मला कोणी काही बोललं न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवसांत कोण कोणाला बोलणार? रजिस्टर बरोबर होतं माझं. आकडा लिहिला होता, तारीख लिहिली होती.’

त्या बाईला पुढे मुलगा झाला. आत्याबाई त्या बाळंतपणाला स्वतः पुनर्वसनाच्या नवीन गावात जाऊन राहिल्या होत्या. हे सांगून त्यांनी विषय बदलला आणि मला केस विंचरायला उठवून बसवलं. चार दिवसांचा गुंता झाला होता. त्यांनी एकही केस न ओढता सगळा सोडवला.

बाराव्या दिवशी मुलगी घरी आली. सव्वा महिना मी लातूरलाच राहिले, कारण बीपीच्या गोळ्या चालू होत्या आणि मॅडमना लांब पाठवायचं नव्हतं. आईही राहिली. रोज दोन वेळा वहीत आकडे लिहिले जायचे, पण आता लिहायची मी. एकशे चाळीस, नव्वद. एकशे चौतीस, शहाऐंशी. गोळी अर्धी झाली, मग बंद झाली. शेवटच्या तपासणीला मॅडमनी मला एक गोष्ट समजावून सांगितली. आता उतरलं असलं तरी पुढे वय वाढल्यावर बीपी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, तेव्हा वर्षातून एकदा तरी बघत जायचं. आणि पुन्हा दिवस गेले तर अगदी सुरुवातीलाच यायचं. मला चाळिशीत गोळ्या सुरू झाल्याच. तेव्हा आत्याबाई हयात नव्हत्या.

क्लासमधली राहिलेली दोन प्रकरणं दुसऱ्या एका सरांनी घेतली. मला वाटलं होतं माझ्यावाचून अडेल. काही अडलं नाही. निकाल लागला तेव्हा पोरं पेढे घेऊन घरी आली. ती दाराबाहेर सायकली लावून उभी होती आणि आत्याबाई त्यांना एकेक करून हात धुवायला लावून मगच बाळाजवळ सोडत होत्या.

जूनमध्ये मी पुन्हा क्लासला जायचं की नाही यावर मीच घोळ घालत होते. नवरा म्हणाला, एक वर्ष थांब. आई म्हणाली, नोकरी पळून जात नाही. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं की मधली सुट्टी किती वाजता असते. साडेदहाला, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मग जा, साडेदहाला येऊन पाजून जात जा.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार चांगलं वर्ष होतं. सकाळची बॅच संपली की मी खडूचे हात साडीला पुसत निघायचे. क्लास ते घर दहा मिनिटांचं अंतर. वाटेत भाजीवाली, सायकल पंक्चरवाला, झेरॉक्सच्या दुकानापुढची पोरांची गर्दी. कोपरा वळले की आमचं दार दिसायचं. दारात आत्याबाई उभ्या असायच्या, खांद्यावर पोर, एक हात तिच्या पाठीवर थोपटत. मला बघून त्या हाक मारायच्या नाहीत. नुसतं पोरीचं तोंड रस्त्याकडे वळवायच्या.